जाहिरातीच्या स्क्रीनशॉटवरून कव्हर लेटर: प्रत्येक अटीला आपला अनुभव कसा जोडायचा

कुणीतरी नोकरीच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट पाठवतं आणि आपण जुनं कव्हर लेटर काढून त्यात पदाचं नाव बदलून पाठवून देतो. असं पत्र वाचणाऱ्याला दोन ओळींत कळतं. त्याच्यासमोर त्याने स्वतः लिहिलेल्या अटींची यादी असते, आणि त्यातल्या किती अटी समोरचा उमेदवार पूर्ण करतो एवढंच त्याला पाहायचं असतं. ते शोधायचं काम त्याच्यावर न टाकता पत्रातच कसं करून द्यायचं, ते इथे एका जाहिरातीवरून पाहू.

आधी स्क्रीनशॉट पूर्ण आहे का ते बघा

स्क्रीनशॉट म्हणजे जाहिरातीचा एक तुकडा. खाली ‘आणखी पाहा’ असं दिसत असेल, तर अटींची यादी तिथे संपलेली नाही. वरचा भाग कापला गेला असेल, तर संदर्भ क्रमांक किंवा शेवटची तारीख गेलेली असू शकते. म्हणून पदाचं नाव आणि पहिली अट जशीच्या तशी टाइप करून मूळ जाहिरात शोधा. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर सापडली तर उत्तम, कारण जाहिरात अजून चालू आहे का आणि अर्ज नेमका कुठे करायचा हेही तिथेच कळतं. तिथे ती सापडली नाही आणि चित्रात ‘नोंदणी शुल्क भरा’ अशी ओळ असेल, तर पत्र लिहायच्या फंदातच पडू नका.

मग चित्रातला मजकूर लिखित स्वरूपात आणा. फोनमधल्या गूगल लेन्ससारख्या सोयीने चित्रातला मजकूर उचलता येतो, पण तो चित्राशी एकदा शब्दशः ताडून पाहा. पुढे पाठवत पाठवत आलेलं चित्र धुरकट झालेलं असतं. त्यात ‘1-3 वर्षे’ मधली आडवी रेघ गळून ‘13 वर्षे’ होतं, 3 चा 8 होतो, दोन अटी एका ओळीत चिकटतात. ई-मेलच्या पत्त्यात इंग्रजी छोटा एल आणि आकडा 1, किंवा ओ आणि शून्य यांची अदलाबदल झाली, तर पत्र पोहोचतच नाही. पत्ता नेहमी चित्र मोठं करून, एकेक अक्षर बघून टाइप करावा.

आपल्या उदाहरणातली जाहिरात अशी आहे:

> पद: स्टॉक को-ऑर्डिनेटर (संदर्भ: SC-07)
> स्टॉकमधील तफावत कमी करण्यासाठी बारकाईने काम करणारी व्यक्ती हवी आहे.
> • कोणत्याही शाखेची पदवी
> • गोदाम किंवा वितरण क्षेत्रातील किमान 3 वर्षांचा अनुभव
> • एक्सेल (VLOOKUP, पिव्होट टेबल) व ईआरपी प्रणाली हाताळल्याचा अनुभव आवश्यक
> • मालाची प्रत्यक्ष मोजणी आणि नोंदींशी ताळमेळ
> • पुरवठादार व वाहतूकदारांशी समन्वय
> • शिफ्टमध्ये काम करण्याची तयारी
> • बारकोड स्कॅनर वापरता येत असल्यास प्राधान्य
> रुजू होण्यास लागणारा कालावधी अर्जात नमूद करावा. ई-मेलच्या विषयात संदर्भ क्रमांक लिहावा.

अटी सुट्या करा

ठिपके सात आहेत, पण अटी सात नाहीत. एक्सेल, आणि ईआरपी म्हणजे कंपनीची खरेदी, साठा, हिशेब अशी कामं एकत्र सांभाळणारी प्रणाली, या दोन वेगळ्या गोष्टी एकाच ओळीत बसवल्या आहेत, आणि पुरवठादार व वाहतूकदार यांचंही तसंच. सुट्या केल्यावर नऊ अटी होतात. नवख्यांच्या पत्रात बहुतेक वेळा घोळ होतो तो इथेच: जोडओळीतला जो अर्धा भाग आपल्याला येतो त्यावर लिहिलं जातं आणि दुसरा अर्धा तसाच राहतो. वाचणाऱ्याला तो राहिलेला भागच आधी दिसतो.

अटींखेरीज दोन सूचना आहेत: रुजू होण्याचा कालावधी लिहा, आणि विषयात संदर्भ क्रमांक टाका. सूचना पाळण्यासाठी अनुभव लागत नाही, त्यामुळे ती चुकली तर सबब उरत नाही.

आता अटींचं वजन ठरवा. ‘आवश्यक’ आणि ‘किमान’ हे शब्द एका बाजूला, ‘प्राधान्य’ आणि ‘असल्यास उत्तम’ दुसऱ्या बाजूला. पण खरी किल्ली बऱ्याचदा ठिपक्यांच्या वरच्या एका वाक्यात असते, आणि ते वाक्य लोक वाचतच नाहीत. इथे ‘स्टॉकमधील तफावत कमी करण्यासाठी’ असं म्हटलं आहे. म्हणजे त्यांच्या गोदामात नोंदीतला आकडा आणि रॅकवरचा माल जुळत नाही, आणि त्यासाठीच माणूस हवा आहे. ‘प्रत्यक्ष मोजणी आणि ताळमेळ’ ही अट यादीत मध्येच दिसत असली, तरी पत्र तिच्यापासूनच सुरू व्हायला हवं.

चार रकान्यांचा तक्ता

पत्राला हात लावण्याआधी कागदावर किंवा शीटमध्ये हा तक्ता भरा. तो कुणाला पाठवायचा नाही. आपल्या उदाहरणातली अर्जदार औषधांच्या घाऊक वितरकाच्या गोदामात 2 वर्षे 8 महिने स्टोअर असिस्टंट आहे. तिचा तक्ता असा:

| अट | माझ्याकडे काय आहे | पुरावा | जुळणी |
|---|---|---|---|
| पदवी | वाणिज्य शाखा | प्रमाणपत्र | पूर्ण |
| 3 वर्षे, गोदाम किंवा वितरण | 2 वर्षे 8 महिने | नियुक्तिपत्र | थोडी कमी |
| एक्सेल | VLOOKUP, पिव्होट टेबल | मोजणीच्या ताळमेळाच्या शीट | पूर्ण |
| ईआरपी | स्टॉक व बिलिंगचं सॉफ्टवेअर | आवक, बॅच, परतावा, जावक नोंदी | अर्धी |
| मोजणी व ताळमेळ | दर तीन महिन्यांनी, सुमारे 1,400 वस्तू | फरकाच्या वस्तू 40 वरून 12 | पूर्ण |
| पुरवठादार | 6 जणांशी रोज संपर्क | कमी मालाचा पाठपुरावा | पूर्ण |
| वाहतूकदार | 2 जणांशी | पोचपावतीवरचे शेरे | पूर्ण |
| शिफ्ट | तयारी आहे | – | पूर्ण |
| बारकोड | 8 महिने वापर | जावक माल | पूर्ण |

तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि भरायला सगळ्यात अवघड. ‘चांगलं जमतं’ हा पुरावा नव्हे. किती वस्तू, किती वेळा, किती माणसं, आधी काय होतं आणि नंतर काय झालं, यातलं काहीतरी तिथे हवं. नेमका आकडा आठवत नसेल, तर एका नेहमीच्या दिवसाचं काम मोजा आणि त्यावरून हिशेब करून आकड्याआधी ‘सुमारे’ लिहा. मुलाखतीत ‘हे कसं मोजलं?’ असं विचारल्यावर जो आकडा सांगता येणार नाही, तो तक्त्यात घेऊ नका. ‘तफावत 70 टक्क्यांनी कमी केली’ यापेक्षा ‘40 वस्तूंवरून 12 वर आली’ हे लिहिणं बरं. हिशेब एकच आहे, पण टक्केवारी वाचून ‘कशाचे 70 टक्के?’ हा प्रश्न उरतो. आकडे देताना सध्याच्या मालकाची उलाढाल, ग्राहकांची नावं, खरेदीचे दर मात्र बाहेर काढू नका. असं पत्र वाचणारा मनात म्हणतो, उद्या आमचंही असंच बाहेर जाईल.

तक्त्यात तीन किंवा अधिक ‘आवश्यक’ अटींसमोर ‘नाही’ येत असेल, तर पत्र कितीही घासलं तरी ते भरून निघणं कठीण. तो वेळ दुसऱ्या जाहिरातीला द्यावा, असं आमचं मत. एखादी अट थोडी कमी आणि एखादी अर्धी असेल, तर खुशाल अर्ज करा.

कोणत्या अटीला किती जागा

पत्र एका पानाचं. नऊ अटींना नऊ परिच्छेद दिले तर ते पत्र न राहता प्रश्नपत्रिकेची उत्तरं होतात. प्रत्येक अट पत्रात आली पाहिजे, पण सगळ्यांना सारखी जागा द्यायची गरज नाही. जिथे उत्तर फक्त हो किंवा नाही आहे, म्हणजे पदवी, शिफ्ट, रुजू होण्याचा कालावधी, तिथे एकच वाक्य पुरतं आणि ते शेवटी येतं. मोजणीला पूर्ण परिच्छेद द्यायचा. एक्सेल आणि ईआरपी एकत्र, पुरवठादार, वाहतूकदार आणि स्कॅनर एकत्र.

वाक्य रचताना जाहिरातीतला शब्द तसाच वापरा. त्यांनी ‘ताळमेळ’ लिहिलं असेल तर तुम्ही ‘रिकन्सिलिएशन’ लिहू नका, आणि त्यांनी ‘समन्वय’ म्हटलं असेल तर एकदा तरी ‘समन्वय’च म्हणा. कारण साधं आहे: पहिली चाळणी करणाऱ्याला त्या कामाची माहिती असेलच असं नाही, तो यादीतले शब्द पत्रात शोधत असतो. काही ठिकाणी तर हे शब्द आधी सॉफ्टवेअरच शोधतं. पण शब्द तेवढा त्यांचा, बाकीचं वाक्य तुमच्या कामातून यायला हवं. अटच फिरवून परत लिहिली तर काय होतं, ते बघा:

> मला मालाची प्रत्यक्ष मोजणी आणि नोंदींशी ताळमेळ घालण्याचा चांगला अनुभव असून मी बारकाईने काम करते.

यात जाहिरातीबाहेरचं एकही अक्षर नाही. ती जाहिरात वाचलेला कुणीही हे वाक्य लिहू शकेल. आता त्याच अटीवर तक्त्यातून आलेलं वाक्य:

> सुमारे 1,400 वस्तूंची दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष मोजणी होते आणि तिचा नोंदींशी ताळमेळ मी घालते. परत आलेला माल रॅकवर लगेच जायचा, पण त्याची नोंद संध्याकाळी व्हायची, हे तफावतीचे मुख्य कारण निघाले.

दुसऱ्या वाक्यात ‘बारकाईने’ हा शब्दच नाही, आणि त्याची गरजही उरली नाही. फरक का पडत होता हे जिने शोधलं, ती बारकाईने काम करते हे वेगळं सांगावं लागत नाही.

‘मी’ आणि ‘आम्ही’ मात्र जपून वापरा. मोजणी चार जणांनी मिळून केली आणि ताळमेळ एकटीने घातला, तर वाक्यातही तसंच यायला हवं. ‘मोजणी होते आणि ताळमेळ मी घालते’ या रचनेत ते आपोआप आलं आहे.

कमी पडणाऱ्या अटींचं काय करायचं

अट 3 वर्षांची आणि आपल्याकडे 2 वर्षे 8 महिने. इथे मोह होतो तो ‘सुमारे 3 वर्षे’ लिहिण्याचा, किंवा आधी दुकानाच्या काउंटरवर केलेले सहा महिने यात मिळवण्याचा. दोन्ही टाळा. रेझ्युमेतल्या तारखा आणि पत्रातला आकडा शेजारी ठेवून वाचले जातात, आणि दुकानाचा काउंटर म्हणजे गोदाम नव्हे. खरा आकडा एकदाच, साध्या वाक्यात लिहा आणि पुढे जा. ‘जरी माझा अनुभव थोडा कमी असला तरी’ अशी सुरुवात केली की वाचणाऱ्याचं लक्ष नेमकं उणिवेवर जातं. चार महिन्यांसाठी दिलगिरीची गरज नसते, पण हा आकडा पहिल्या ओळीतही घालू नये. आधी काम दिसू द्या.

ईआरपीचं तसं नाही. ती अट ‘आवश्यक’ आहे आणि आपल्याकडे अर्धीच आहे, म्हणून गप्प बसणं चालणार नाही. तीन गोष्टी या क्रमाने लिहा: काय केलेलं नाही, त्याला सगळ्यात जवळचं काय केलं आहे, आणि नवी प्रणाली शिकल्याचा एखादा पुरावा. ‘मी लवकर शिकते’ हे वाक्य पुरावा म्हणून चालत नाही. पण वह्यांवरून सॉफ्टवेअरवर जाताना वस्तूंची मूळ यादी आपण भरली आणि तपासली असेल, तर तेच लिहा. नवी प्रणाली बसवताना सगळ्यात त्रासाचं काम तेच असतं, आणि वाचणाऱ्याला हे ठाऊक असतं.

पूर्ण पत्र

> विषय: SC-07 – स्टॉक को-ऑर्डिनेटर पदासाठी अर्ज
>
> माननीय भरती व्यवस्थापक,
>
> स्टॉकमधील तफावत कमी करणारी व्यक्ती आपल्याला हवी आहे, असे जाहिरातीत म्हटले आहे. मी सध्या औषधांच्या घाऊक वितरकाच्या गोदामात स्टोअर असिस्टंट आहे. तिथे सुमारे 1,400 वस्तूंची दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष मोजणी होते आणि तिचा नोंदींशी ताळमेळ मी घालते. पूर्वी दर मोजणीत 40च्या आसपास वस्तूंमध्ये फरक यायचा. परत आलेला माल रॅकवर लगेच जायचा, पण त्याची नोंद संध्याकाळी व्हायची, हे तफावतीचे मुख्य कारण निघाले. वरिष्ठांच्या परवानगीने मी परतीच्या मालासाठी वेगळा रॅक ठेवला आणि नोंद झाल्यावरच माल जागेवर लावण्याची पद्धत सुरू केली. गेल्या मोजणीत 12 वस्तूंमध्ये फरक होता.
>
> हा ताळमेळ मी एक्सेलमध्ये घालते. मोजणीची शीट आणि सॉफ्टवेअरमधली यादी VLOOKUP ने जुळवते, आणि कोणत्या रॅकवर फरक वारंवार येतो ते पिव्होट टेबलमध्ये पाहते. पूर्ण ईआरपी प्रणालीवर मी अजून काम केलेले नाही. आमच्याकडे स्टॉक व बिलिंगचे सॉफ्टवेअर आहे आणि त्यात आवक, बॅच, परतावा व जावक या नोंदी मी करते. वह्यांवरून या सॉफ्टवेअरवर येताना सगळ्या वस्तूंची मूळ यादी भरून तपासण्याचे काम माझ्याकडे होते. ते सहा आठवड्यांत पूर्ण झाले.
>
> सहा पुरवठादार आणि दोन वाहतूकदार यांच्याशी समन्वयही मी पाहते. माल कमी किंवा फुटलेला आला तर पोचपावतीवर तिथेच शेरा लिहून घेते आणि बदली माल किंवा क्रेडिट नोट मिळेपर्यंत पाठपुरावा करते. जावक मालासाठी गेले आठ महिने बारकोड स्कॅनर वापरत आहे.
>
> गोदामातील माझा एकूण अनुभव 2 वर्षे 8 महिन्यांचा आहे. मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून शिफ्टमध्ये काम करण्याची माझी तयारी आहे. माझा नोटीस कालावधी 30 दिवसांचा आहे. निवड कळल्यापासून तेवढ्या दिवसांत रुजू होऊ शकेन. रेझ्युमे सोबत जोडला आहे.
>
> आपली,
> (नाव, फोन क्रमांक)

पगाराचा उल्लेख नाही, कारण जाहिरातीने विचारलेला नाही. विचारला असता तर शेवटच्या परिच्छेदात एका वाक्यात आला असता.

तक्ताच पत्रात टाकला तर?

डावीकडे ‘तुमची अट’, उजवीकडे ‘माझा अनुभव’ अशी दोन रकान्यांची पत्रंही लोक पाठवतात. तांत्रिक पदांसाठी, अटी दहा-बारा असतील आणि बहुतेक पूर्ण होत असतील, तर हा आराखडा वाचायला सोपा जातो. त्याच्या दोन अडचणी आहेत. एक, अर्धी जुळणारी अट तिथे रिकाम्या चौकटीसारखी उघडी पडते. दोन, अर्ज वाचणारी काही सॉफ्टवेअर रकाने ओलांडून आडवं वाचतात आणि मजकुराची खिचडी होते. ऑनलाइन फॉर्ममध्ये पत्र चिकटवायचं असेल, तर रकाने आणि ठिपके तिथे मोडतातच, म्हणून साधे परिच्छेदच बरे.

पाठवण्याआधी

तक्त्यातल्या अटींना 1 ते 9 आकडे द्या. पत्राची एक प्रत घेऊन, ज्या वाक्यात ती अट पूर्ण होते तिथे समासात तो आकडा लिहा. एखादा आकडा कुठेच लिहिता आला नाही, तर ती अट राहिली. एखाद्या वाक्याशेजारी कोणताच आकडा आला नाही, तर ते वाक्य तिथे कशासाठी आहे ते पाहा. ‘आपल्या नामांकित संस्थेत काम करण्याची संधी मिळाल्यास’ छापाची वाक्यं अशीच सापडतात. वरच्या पत्रात पहिला परिच्छेद 5, दुसरा 3 आणि 4, तिसरा 6, 7, 9, शेवटचा 2, 1, 8, असे सगळे आकडे येतात.

नंतर रेझ्युमे शेजारी ठेवून पदाचं नाव, महिने आणि आकडे जुळतात का ते बघा. पत्रात 1,400 आणि रेझ्युमेत 1,200 वस्तू असतील, तर ताळमेळाच्या नोकरीसाठी याहून वाईट सुरुवात नाही. जुन्या पत्रावरून नवं केलं असेल, तर जुन्या कंपनीचं नाव कुठे राहिलं नाही ना, ते फाइलच्या नावातही तपासा. ई-मेलने पाठवत असाल तर पत्र ई-मेलच्या मजकुरातच ठेवा आणि रेझ्युमे पीडीएफ म्हणून जोडा. ‘पत्र जोडले आहे’ एवढंच लिहिलेला ई-मेल उघडून पुन्हा फाइल उघडायची तसदी प्रत्येकजण घेत नाही.

पाठवून झाल्यावर स्क्रीनशॉट, तक्ता आणि पत्र एकाच फोल्डरमध्ये, संदर्भ क्रमांकाच्या नावाने ठेवा. मुदत संपली की जाहिरात संकेतस्थळावरून काढली जाते, आणि मुलाखतीचा फोन काही आठवड्यांनी येतो. तेव्हा कोणत्या अटीसमोर आपण काय लिहिलं होतं, ते सांगायला तो स्क्रीनशॉटच तेवढा हाताशी असतो.